दादा, माझा विंचू कुठंय?

रात्रीचे साडेअकरा वाजले होते. वाशिंदला आमच्याकडे तोवर सगळी निजानीज झालेली असते. तेवढ्यात माझा फोन वाजला. हॉस्टेलवरून धाकटी.

"दादा, माझा विंचू सापडत नाहीये!"

मी ताडकन उठून बसलो. नंतर ट्यूब पेटली. विंचू म्हणजे विंचूदंशाच्या नोट्स. दुसऱ्या दिवशी वॉर्डात तोच विषय होता. तिनं त्याच्या नोट्स तीन वेळा काढल्या होत्या, हे तिला नक्की आठवत होतं. कुठे काढल्या, तेवढंच आठवत नव्हतं. टॅब्लेटवर? बॅचच्या शेअर्ड फोल्डरमध्ये? की एखाद्या सीनियरनं पाठवलेल्या पीडीएफवर पेनानं खरडलं होतं?

मी ठाण्याच्या एका ऑफिसात डॉक्युमेंट सांभाळायचं काम करतो. दहा वर्षांपूर्वीचं कंत्राट दोन मिनिटांत शोधून देतो म्हणून माझा पगार होतो. आणि माझ्याच घरातली भावी डॉक्टर स्वतःच्या हातानं लिहिलेलं पान शोधत रात्र काढतेय! त्या शनिवारी ती कसारा लोकलनं घरी आली तेव्हा मी लॅपटॉप उघडूनच बसलो होतो. पुढचे चार वीकएंड आम्ही त्यातच घालवले. आमच्या चुकांसकट ती गोष्ट सांगतो. तुमच्या घरात कुणी एमबीबीएस, नर्सिंग किंवा फिजिओ करत असेल, तर हा अंक त्यांच्या हातात नक्की द्या.

आधी स्वतःची कॉपी

पहिल्या दिवशी आम्ही फक्त मोजणी केली. टॅब्लेटवर एकसष्ट वह्या. बॅचच्या शेअर्ड फोल्डरमध्ये दोन हजारांवर फाइल्स. शिवाय फोनच्या गॅलरीत फळ्याचे, स्लाइडचे आणि मैत्रिणींच्या वह्यांचे फोटो.

यात सगळ्यात जास्त धोका कशाला होता? टॅब्लेट पडून फुटेल म्हणून तिला टॅब्लेटची काळजी. माझ्या मते खरा धोका शेअर्ड फोल्डरला होता. गुगल ड्राइव्हवर कुणी आपल्याला फोल्डर शेअर करतं तेव्हा आपल्याला फक्त तो उघडायचा हक्क मिळतो. आतल्या फाइल्स ज्यानं टाकल्या त्याच्याच राहतात. आपल्या ड्राइव्हमध्ये तो फोल्डर 'अॅड' केला तरी तयार होतो शॉर्टकट, कॉपी नाही. मूळ मालकानं फाइल उडवली किंवा त्याचं अकाउंट बंद झालं, की आपला शॉर्टकट कोरड्या नळासारखा. नळ आहे, पाणी नाही.

आमच्या बाबतीत हे घडून गेलेलं होतं. दोन बॅच आधीच्या एका सीनियरनं मेडिसिनच्या सुरेख नोट्स कॉलेजच्या मेल आयडीवरून शेअर केल्या होत्या. इंटर्नशिप संपली, आयडी बंद झाला, फोल्डर गेला. बहिणीला वाटायचं की नोट्स 'आपल्याकडे आहेत'. त्या कधीच तिच्याकडे नव्हत्या.

म्हणून पहिलं काम म्हणजे खरीखुरी कॉपी. ड्राइव्हमध्ये अख्ख्या फोल्डरची कॉपी करायचं बटण नाही. फोल्डर डाउनलोड करावा लागतो आणि मोठा असेल तर तो अनेक झिप फाइल्समध्ये तुकडे होऊन येतो. सगळे तुकडे आले का, ते मोजूनच पुढे जा. आमचा एक तुकडा राहिला होता आणि त्यात अख्खं पीडियाट्रिक्स होतं.

दुसरं काम डुप्लिकेट काढण्याचं. एकच पीडीएफ `final`, `final (2)` आणि `final latest` अशा तीन अवतारांत असते. नावावर विश्वास नको, आतला मजकूर जुळतो का ते बघा. लॅपटॉपवर लिनक्स असेल तर ही एक ओळ पुरते:

```
find . -name "*.pdf" -exec sha256sum {} + | sort | uniq -w64 -D
```

प्रत्येक फाइलमधल्या मजकुरावरून एक लांबलचक आकडा निघतो. आकडा सारखा आला, तर नाव काहीही असो, फाइल तीच. यात एक मर्यादा आहे. तेच पान पुन्हा स्कॅन केलं किंवा फोटो व्हॉट्सअॅपवरून दाबून लहान होऊन आला, तर आकडा वेगळा येतो. अशी जुळी भावंडं डोळ्यांनीच ओळखावी लागतात.

त्याच बैठकीत आम्ही अख्खीच्या अख्खी स्कॅन केलेली टेक्स्टबुकं काढून टाकली. ती वाटायचा हक्क आपल्याला नाही हे पहिलं कारण. दुसरं असं, की हजार पानांचं पुस्तक सर्चमध्ये असलं की कुठलाही शब्द टाका, तेच वर येतं आणि स्वतःच्या नोट्स तळाशी जातात.

अक्षर वाचता येतं, पण कुणाला?

आता खरी गंमत. बहिणीच्या टॅब्लेटवरच्या नोट्सच्या अॅपमध्ये हाताचं अक्षर शोधता येतं. `scorpion` टाइप केलं की तिनं लिहिलेला शब्द पिवळा होतो. मग प्रॉब्लेम काय?

प्रॉब्लेम असा, की ही जादू त्या अॅपच्या पोटात असते. वही पीडीएफ करून बाहेर काढली की जादू बरोबर येईलच असं नाही. पानावर शाईच्या रेघा येतात. त्या रेघांमागे अक्षरं आहेत हे कॉम्प्युटरला माहीतच नसतं. तपासायची रीत सोपी आहे. पीडीएफ उघडा आणि एखादा शब्द बोटानं किंवा माउसनं सिलेक्ट करून बघा. सिलेक्ट झाला तर मागे मजकुराचा थर आहे. नाही झाला तर ते नुसतं चित्र. आमच्या एकसष्ट वह्यांपैकी एकीतही शब्द सिलेक्ट होईना.

छापील पानांच्या स्कॅनवर उपाय आहे. `ocrmypdf` नावाचं फुकट सॉफ्टवेअर चित्रातला मजकूर वाचून पानामागे न दिसणारा थर जोडतं.

```
ocrmypdf --skip-text --rotate-pages -l eng in.pdf out.pdf
```

`--skip-text` म्हणजे जिथे थर आधीच आहे ते पान सोडून दे. `--rotate-pages` आडवी पानं सरळ करतं. फळ्यावरून घाईत काढलेले फोटो सोडले, तर छापील हँडआउटवर याचं काम मस्त होतं. पण आत वाचायचं काम करणारं टेसरॅक्ट छापील अक्षरासाठी घडवलेलं आहे. बहिणीच्या अक्षरावर आम्ही ते चालवलं, तर प्राझोसिनचं `prozos in` झालं आणि रक्त गोठण्याच्या वीस मिनिटांच्या टेस्टचं, म्हणजे `20WBCT`चं, `2OWBCT`. शून्याच्या जागी ओ. डोळ्याला फरक दिसत नाही, सर्चला मात्र तो दुसराच शब्द.

दोन तास डोकं आपटल्यावर मला ऑफिसातला जुना फंडा आठवला. आमच्याकडे हातानं भरलेले फॉर्म येतात, तेव्हा आम्ही अख्खा फॉर्म वाचायच्या भानगडीत पडत नाही. वर एक टाइप केलेली पट्टी चिकटवतो. मग आम्ही तेच केलं. प्रत्येक नोटच्या पहिल्या पानावर, वरच्या बाजूला, अॅपमधलाच टेक्स्ट बॉक्स टाकून एक ओळ टाइप केली. पेनानं नाही, कीबोर्डनं. असा टाइप केलेला मजकूर पीडीएफमध्ये मजकूर म्हणूनच आला. तुमच्या अॅपमध्ये एका पानावर करून बघा आणि सिलेक्ट होतोय ना याची खात्री करा. तसं असेल तर अक्षर कितीही कोंबडीचे पाय असलं तरी ते पान सापडणार.

एक विंचू, तीन विषय

पट्टीत लिहायचं काय? इथे आम्ही बराच वेळ घालवला आणि तो सगळ्यात सत्कारणी लागला.

विंचूदंशाचंच बघा. लाल विंचवाचं विष अंगात गेलं की शरीरात अॅड्रेनलिनसारखी द्रव्यं एकदम उसळतात. ब्लड प्रेशर चढतं, हृदयावर ताण येतो, फुफ्फुसात पाणी भरू शकतं. प्राझोसिन हे औषध त्या द्रव्यांना त्यांच्या अल्फा रिसेप्टरवरच अडवतं. विंचूदंशावर ते वापरात आणण्याचं मोठं काम आपल्याच कोकणात झालं, महाडच्या डॉ. हिंमतराव बावस्करांकडून. 2022 मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. पण विद्यार्थ्याच्या वहीत हे औषध येतं कुठे? फार्माकॉलॉजीत अल्फा ब्लॉकर म्हणून, ब्लड प्रेशरच्या गोळ्यांच्या यादीत. विंचू येतो फॉरेन्सिकमध्ये, प्राण्यांच्या विषांखाली. आणि पेशंट येतो मेडिसिनमध्ये. तीन वर्षांत तीन विषय, तीन वह्या. बहिणीनं विषयवार फोल्डर केले होते, म्हणून तिचा विंचू तिन्हीकडे होता आणि एकीकडेही सापडत नव्हता.

म्हणून फोल्डर आम्ही सपाट केले. सगळं एकाच ठिकाणी आणि ओळख नावात:

```
FM_scorpion-sting_2024-08_own.pdf
PH_alpha-blockers_2023-11_own.pdf
IM_envenomation_2025-06_senior.pdf
```

सुरुवातीची दोन अक्षरं एमबीबीएसच्या अभ्यासक्रमातलीच आहेत. 2019 पासूनच्या नव्या अभ्यासक्रमात प्रत्येक विषयाला अशी दोन अक्षरं आहेत. FM म्हणजे फॉरेन्सिक, PH फार्माकॉलॉजी, IM मेडिसिन. त्यापुढे प्रत्येक मुद्द्याला क्रमांकही असतो. बहिणीला तो नावात हवा होता. मी म्हटलं, नको. 2024 मध्ये अभ्यासक्रमाची सुधारित आवृत्ती आली, तेव्हा काही क्रमांक हलले. अक्षरं टिकतात, आकडे सरकतात. शेवटचा शब्द नोट कुणाची ते सांगतो. `own` म्हणजे स्वतःची, `senior` म्हणजे उसनी. परीक्षेच्या आदल्या रात्री कशावर डोळे मिटून विश्वास ठेवायचा हे त्यावरून ठरतं.

पट्टीत मग आम्ही लिहिलं: `scorpion sting, prazosin, alpha blocker, autonomic storm, pulmonary oedema edema`. शेवटचे दोन शब्द बघितलेत? ती टायपिंगची चूक नाही. मेडिकलची पोरं ब्रिटिश आणि अमेरिकन अशी दोन्ही पुस्तकं वाचतात आणि त्यांच्या वहीत `anaemia` आणि `anemia` दोन्ही नांदतात. एक टाकलं की दुसरं सापडत नाही. तसंच शॉर्टफॉर्मचं. `MS` म्हणजे हृदयाची झडप अरुंद होणं की मेंदूचा मल्टिपल स्क्लेरोसिस? `PID` म्हणजे गायनॅकमधलं इन्फेक्शन की ऑर्थोमधली सरकलेली चकती? वहीत चालतं, कारण आजूबाजूचं पान आपल्याला दिसत असतं. सर्चच्या चौकटीत आजूबाजू नसते. म्हणून पट्टीत शॉर्टफॉर्म लिहिला की पूर्ण नावही लिहायचं, हा नियम.

हे दुखणं जुनंच आहे. अमेरिकेच्या नॅशनल लायब्ररी ऑफ मेडिसिननं 1960 मध्ये त्यावर 'मेश' नावाची शब्दसूची काढली. एका आजाराला एकच अधिकृत शब्द आणि त्याची बाकीची नावं त्याच्याकडे वळवलेली. ती आजही फुकट बघता येते. पट्टीसाठी शब्द अडला की बहीण तिथला उचलते. त्यामुळे तिचा आणि तिच्या बॅचचा शब्द एकच राहतो.

वीस प्रश्नांची परीक्षा

लॅपटॉपवर शोधण्यासाठी आम्ही `DocFetcher` हे फुकट सॉफ्टवेअर घेतलं. ते एकदा सगळा फोल्डर वाचून ठेवतं आणि मग नेटशिवाय शोधतं. मला हे महत्त्वाचं होतं, कारण लोकलनं खडवली सोडलं की माझ्या फोनचं नेट कधी रुसेल सांगता येत नाही. त्यात `an*emia` टाकलं की दोन्ही स्पेलिंगं मिळतात. `prazosin~` असं शेपूट लावलं की जवळपासचे चुकीचे शब्दही येतात. टॅब्लेटसाठी आम्ही त्याहून साधी सोय केली. एक एक्सेल शीट. एका ओळीत फाइलचं नाव आणि पट्टीतले शब्द, बस्स. ते शीट ऑफलाइन ठेवलंय.

पण झालं ते काम नीट झालं की नाही, हे कसं कळणार? 'छान वाटतंय' यावर जाऊ नका. मी तिला वीस चिठ्ठ्यांवर वीस प्रश्न लिहायला लावले. तिनं नक्की लिहिलेलं होतं, अशाच गोष्टींचे. मग मी एकेक शब्द टाकला. पहिल्या पाचांत योग्य पान आलं तर पास. पट्ट्या टाकायच्या आधी वीसपैकी सात पास. पट्ट्यांनंतर सतरा. उरलेल्या तिघांचं कारणही सापडलं. एका वहीत तिनं चार विषय सलग लिहिले होते आणि पट्टी फक्त पहिल्या पानावर होती. वही कापून चार फाइल्स केल्या, काम झालं.

जे बघून घाम फुटला

दोन गोष्टी मात्र हसण्यावारी न्यायच्या नव्हत्या.

पहिली. मी सहज थायरॉइडच्या गोळीचं नाव शोधलं. रिझल्टमध्ये छोटासा उतारा दिसला, `levothyroxine 50 mg`. बहीण ओरडलीच. तिच्या वहीत `50 µg` होतं, म्हणजे मायक्रोग्रॅम. वाचणाऱ्या सॉफ्टवेअरनं तिच्या हातचा µ हा एम वाचला आणि डोस हजारपट झाला. ही चूक तिला कळली, कारण ती औषधं शिकते. मला आयुष्यात कळली नसती. आणि झोपमोड झालेल्या ज्युनियरला पहाटे तीनला कळेल का? औषध-सुरक्षेवर काम करणारी अमेरिकेतली आयएसएमपी ही संस्था µg लिहायचं टाळाच म्हणते, ते याचसाठी. तेव्हापासून आमच्याकडे दोन नियम आहेत. एक, मायक्रोग्रॅम हा शब्द अख्खा लिहायचा. दोन, सर्च फक्त पान दाखवतो. डोस नेहमी मूळ शाईतून वाचायचा आणि उसन्या नोटमधला असेल तर पुस्तकातून तपासायचा. उताऱ्यातून कधीच नाही.

दुसरी गोष्ट. वॉर्डातल्या केसेसचे फोटो. तिनं रिपोर्टवरच्या पेशंटच्या नावावर टॅब्लेटच्या पेनानं काळी पट्टी ओढली होती. दिसायला एकदम चोख. मी आमच्या नव्या सर्चमध्ये ते नाव टाकलं, तर रिपोर्ट हजर! काळी रेघ वर होती आणि छापील नावाचा थर खाली तसाच होता. जी गोष्ट आपल्याला शोधायला सोपी, ती दुसऱ्यालाही सोपी. आणि हा फोल्डर अख्ख्या बॅचकडे जाणार होता. 2023 पासून आपल्याकडे वैयक्तिक माहितीच्या संरक्षणाचा कायदा आहे. पण बहीण म्हणाली ते मला जास्त पटलं, "कायदा राहू दे दादा, त्या मावशींनी मला विश्वासानं सांगितलं होतं." रिपोर्टचे असे चौदा फोटो निघाले. सगळे उडवले. त्यातून शिकायचं होतं ते तिनं स्वतःच्या शब्दांत लिहून ठेवलं. वय, तक्रार, निदान. नाव नाही, नंबर नाही. आता काहीही शेअर करण्याआधी ती आठवतील ती पेशंटची नावं सर्चमध्ये टाकून बघते. रिझल्ट शून्य आला, तरच लिंक पाठवते.

रविवारचा अर्धा तास

आता सगळं तीन ठिकाणी आहे. तिच्या लॅपटॉपवर, तिच्या स्वतःच्या ड्राइव्हवर (कॉलेजच्या आयडीवर नाही) आणि वाशिंदच्या कपाटातल्या एका हार्ड डिस्कवर. बॅचला फक्त बघायची परवानगी आहे, बदलायची नाही. पूर्वी कुणीतरी 'साफसफाई' म्हणून अर्धं सर्जरी उडवलं होतं. त्या मुलीचा हेतू चांगलाच होता. परवानगी द्यायलाच नको होती.

दर रविवारी ती अर्धा तास बसते. आठवड्याच्या नोट्सना पट्ट्या, नावं, शीटमध्ये ओळी. एका नोटला दीड-दोन मिनिटं लागतात. परीक्षेच्या धामधुमीत दोन रविवार चुकले, तेव्हा चाळीस नोट्स साचल्या आणि तिसऱ्या रविवारी आमचं भांडण झालं. जुन्या सगळ्या वह्यांना पट्ट्या लागलेल्या नाहीतच. पहिल्या वर्षाची अॅनाटॉमी आम्ही मुद्दाम सोडून दिली. लागेल तेव्हा लागेल त्या वहीला पट्टी, असा तह झालाय.

परवा पुन्हा रात्री साडेअकराला फोन वाजला. मी म्हटलं, आता काय हरवलं?

"काही नाही रे. विंचू विचारला आज. तिन्ही नोट्स लोकलमध्येच उघडल्या होत्या, सगळं सांगितलं. आईला सांग, शनिवारी येतेय. पिठलं-भाकरी कर म्हणावं."

आणि फोन ठेवताठेवता, "दादा, तुझे गॅलरीतले नऊ हजार फोटो कधी लावतोयस?"

मी झोपेचं सोंग घेतलं.